अक्काचं गाणं

"पुढं?"

उजव्या हाताचं बोट वर करून अण्णा एवढंच विचारायचे. त्याआधी कुठल्यातरी कवितेची अर्धी ओळ म्हणून झालेली असायची. समोर कासरा घ्यायला आलेला शेतकरी असो, बाजार समितीतला हमाल असो की एसटीची वाट बघणारी कॉलेजची मुलगी, अण्णा अर्धी ओळ टाकायचे, बोट वर करायचे आणि चष्म्याच्या वरून बघत राहायचे. ज्याला पुढची ओळ यायची त्याला बसायला स्टूल मिळायचं. ज्याला यायची नाही त्याला कासरा मिळायचा, पण "शाळेत काय करायलता मग?" हेही ऐकावं लागायचं.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या दुकानावरून जाताना आपण पावलं थोडी भरभर टाकतो आणि एखाद्या दिवशी तो दिसला नाही की थांबून विचारतो, "आज बरं आहे ना?"

मानवतला माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अण्णांचं दुकान बरोबर समोर. दोर, सुतळी, बारदाना, बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा, वेसणी. सकाळी आंघोळ करून, कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढून ते दुकान उघडायचे आणि पहिली अर्धी ओळ माझ्या दिशेने यायची. माझी सकाळ कामांच्या यादीने सुरू होते. कुणाचा पीकविमा, कुणाचं जातीचं प्रमाणपत्र, कुणाची परीक्षेची फी. यादी लिहिल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही. अण्णांना त्याची गंमत वाटायची. "ताई, त्या यादीत 'हसणे' लिवलंय का कुठं?" मी म्हणायचे, "आहे. दुपारी. वेळ उरला तर."

अण्णांच्या घरात एक म्हणायची पद्धत होती. जे कधी होणार नाही, कधी येणार नाही, त्याला सगळे 'अक्काचं गाणं' म्हणायचे. नळाला रोज पाणी येणार म्हणजे अक्काचं गाणं. धाकट्या भाच्याचं लग्न जमणार म्हणजे अक्काचं गाणं. मी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की मीही एकदा एका गिऱ्हाइकाला सर्व्हर कधी सुरू होईल हे सांगताना तेच म्हणाले. त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता.

तो मला कळला तो अण्णांच्या नातवाच्या बारशानंतर.

त्या दिवशी पाहुण्यांनी घर भरलं होतं. पाथरीहून अण्णांची थोरली बहीण, अक्का, आली होती. नवीनच लग्न होऊन आलेल्या एका सुनेने अगदी निरागसपणे विचारलं, "आत्याबाई, सगळे म्हणतात ते तुमचं गाणं कोणतं हो? म्हणा की आज पाळण्यापाशी." सगळं घर हसलं. अक्का उठल्या, चपला घातल्या आणि जेवणाचं ताट वाढलेलं ठेवून पाथरीच्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी अर्धी ओळ टाकली नाही. सरळ माझ्या दुकानात आले आणि खुर्ची ओढून बसले.

"ताई, एक गाणं काढून द्या. फॉर्म काढता तसं."

मग त्यांनी सांगितलं. हे दोघं बहीणभाऊ ताडकळसच्या शाळेत शिकले. अक्का चौथीत आणि अण्णा दुसरीत असताना त्यांना पुस्तकात एक कविता होती. चौथीनंतर अक्काची शाळा सुटली, काही वर्षांनी लग्न झालं. पंचमीला माहेरी आली तेव्हा ती उंबऱ्यातूनच ओरडली, "आपली कविता रेडिओवर लागली! बाई म्हणायलती, मागं लेकरं म्हणायलती!"

"आन् म्या म्हनलो," अण्णा म्हणाले, "पुस्तकातली कविता रेडिओवर कशी लागंल? उद्या काय पाढे लागतील का? सगळे पोट धरून हसले. तवापासून चाललंय हे. म्याच काढलंय ते, अक्काचं गाणं."

"मग आता?"

"गाणं असंल तर म्या खोटा. नसंल तर अक्का खोटी." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. "मला म्या खोटा निघालेला परवडतो. ती सत्तरीला आली, ताई. तिच्यामागं ह्या घरात तेवढंच राहील, ती खोटं बोलली म्हणून."

मी कागद घेतला. वर लिहिलं, 'गाणे शोधणे', आणि खाली, 'काय माहीत आहे'. अण्णांनी बोट वर केलं आणि चार ओळी म्हटल्या.

चिमणी निघाली बांधाया घर
चोचीत एकच काडी,
डोंगरामागुन येई धावत
वाऱ्याची बैलगाडी.

"पुढं?" मी विचारलं.

अण्णांनी वर केलेलं बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "पुढचं न्हाई येत. अर्थ येतो. चिमणी काडी घेऊन दमती, मग वाऱ्याची गाडी येती आन् तिला बसवून नेती. लय भारी कविता हाय."

मी त्या चार ओळी जशाच्या तशा टाकून शोधल्या. काही नाही. पहिली ओळ अवतरणचिन्हात टाकली. चिमणीची शेकडो गाणी आली, ही नाही. मग रोमन अक्षरांत टाकून बघितली, कारण गाणी चढवणारे अर्धे लोक मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहितात. तरी नाही.

फोनला गुणगुणून गाणं ओळखायची सोय असते. ती वापरायचं ठरलं. अण्णांनी घसा साफ केला, फोन आरशासारखा तोंडापुढे धरला आणि चारही ओळी मनापासून गायल्या. फोनने क्षणभर विचार केला आणि एका आरतीचं नाव दाखवलं.

"वेडं हाय का हे?" अण्णा म्हणाले. पुन्हा गायले. पुन्हा तीच आरती.

मी म्हटलं, "अण्णा, तुमची चाल आरतीचीच आहे. कान देऊन ऐका."

त्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. चेहरा हळूहळू उजळला. "आरं देवा! आमच्या गुरुजींची चाल हाय ती. त्यांला एकच चाल यायची. सगळ्या कविता त्याच्यावरच. पावसाची घ्या, शिवाजीची घ्या, आईची घ्या. शाळेसमोरून जाणारी माणसं चपला काढून हात जोडायची."

म्हणजे चाल बाद. मी कागदावरून ती खोडली. रेडिओवरच्या गाण्याला संगीतकाराने स्वतःची चाल दिलेली असणार, आणि ती या जगात आमच्या ओळखीच्या एकाच माणसाला माहीत होती.

पाथरीला माझं तहसीलमध्ये काम निघालं तेव्हा अण्णा बरोबर आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. अक्कांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, पुडा हातात न घेता कोनाड्याकडे बोट दाखवलं. अण्णा कोनाड्यात पुडा ठेवून आले.

"अक्का, तेवढी चाल म्हणून दाखीव. ताई फोनमधी धरतेत."

"म्हणून दाखवू? आन् तू हसू?"

"न्हाई हसत."

"आयुष्यभर हसलास. आज कशाला उपाशी राहतूस?"

मी मध्ये पडले. म्हटलं, "अक्का, चाल राहू द्या. शब्द तरी. अण्णांना आठवतात तेवढे मी लिहून आणलेत." आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीलाच त्यांनी हात झटकला.

"चिमणी कुठून आली? त्याच्यात चिमणी न्हाईच."

"हाय!" अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "चिमणी न्हाई तर गाडीत बसतं कोन?"

"तुजं डोस्कं बसतं. म्या तवाही सांगितलं व्हतं, चिमणी न्हाई म्हणून. ऐकलास का?"

"गुरुजींनी शिकवली, ताई, म्या स्वतः म्हनलोय—"

"तुला दुसरीत शिकवली चिमणी. माझी गाडी चौथीच्या पुस्तकात व्हती. एका खोलीत बसायलतो म्हणून सगळं तुजंच व्हय?"

अण्णा खुर्चीत मागे टेकले. मी मात्र ताठ बसले, कारण सगळा घोटाळा मला एकदम दिसला. एका गुरुजींची शाळा, चारही वर्ग एकाच खोलीत. दुसरीची मुलं चिमणी म्हणताहेत, मग चौथीची मुलं गाडी म्हणताहेत, दोन्ही एकाच आरतीच्या चालीवर. 'काडी'ला 'गाडी' जुळते. लहानग्या अण्णांच्या डोक्यात दोन कविता शेपटीला शेपटी बांधून एक झाल्या होत्या, आणि पुढे त्यांनी त्याचा अर्थसुद्धा लावला होता. आम्ही इतके दिवस अर्ध्या चुकीच्या ओळी घेऊन, चुकीच्या इयत्तेत, चुकीच्या चालीने शोधत होतो.

निघताना मी अक्कांकडून त्यांच्या शाळेच्या दाखल्याचा फोटो काढून घेतला. त्या म्हणाल्या, "ह्याच्यात गाणं हाय का?" मी म्हटलं, "वर्ष आहे. कोणतं पुस्तक ते कळेल."

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते, कधी उपयोगी पडेल. जुनी पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर सापडतात, पण बहुतेक वेळा ती पानांचे फोटो काढून चढवलेली असतात. आत कविता असते, पण ओळ टाकून शोधलं तर ती सापडत नाही, कारण संगणकाला ते पान म्हणजे नुसतं चित्र. तिथे डोळेच लागतात. शिवाय पुस्तकं काही वर्षांनी बदलतात. चौथीचं पुस्तक म्हणजे एक पुस्तक नसतं, एकामागून एक आलेली चार-पाच निरनिराळी पुस्तकं असतात. पहिल्यांदा मिळालं त्यात ही कविता नव्हतीच. दाखल्यावरचं वर्ष बघून त्याच्या आधीच्या मालिकेतलं पुस्तक शोधलं; अण्णा चौथीत जाईपर्यंत ते बदललेलं होतं. अनुक्रमणिकेत कवितांची नावं असतात, पहिल्या ओळी नसतात. 'वाऱ्याची बैलगाडी' असं काही तिथे नव्हतं. म्हणून एकेक कविता उघडत गेले. अण्णा शेजारी बसून प्रत्येक पानाला म्हणायचे, "ही बी आमाला व्हती. म्हणू का?"

"नको. कामाच्या वेळी नको."

मागच्या बाजूला एक कविता निघाली. नाव साधंच, 'गाडीवाना'. शेजारी गाडीचं चित्र, चाकांच्या जागी धुळीचे भोवरे.

डोंगरामागुन येई धावत
वाऱ्याची बैलगाडी,
धुळीचा फेटा, पानांचे घुंगुर,
वाकून बघते झाडी.

अण्णांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. सगळी कविता हलक्या आवाजात वाचली. तीन कडवी. चिमणी कुठेच नव्हती. त्यांनी खाली-वर करून पुन्हा बघितलं, जणू ती चित्रामागे लपली असेल.

"न्हाई," ते म्हणाले. "चिमणी न्हाई."

पण कविता सापडली म्हणजे गाणं सापडलं असं नसतं. पहिली ओळ टाकून गाणं शोधलं. नाही. अण्णांचा चेहरा उतरला. "म्हणजे कविता खरी, गाणं न्हाईच का?"

मी म्हटलं, "थांबा. आता आपल्याकडे कवीचं नाव आहे." मराठी गाण्यांचे शब्द गोळा करून ठेवलेली संकेतस्थळं आहेत. तिथे गाणी कवीच्या नावाखाली लावलेली सापडतात. मी कवीची यादी उघडली आणि वरून खाली येऊ लागले. 'डोंगरामागुन' नव्हतंच. पण 'थ'खाली एक ओळ होती, 'थांब जरासा, गाडीवाना'.

पुस्तकात ती तिसऱ्या कडव्याची ओळ होती. संगीतकाराने ती उचलून ध्रुवपद केली होती. गाणं तिथूनच सुरू व्हायचं, म्हणून यादीतही त्याच ओळीने लावलेलं. कविता एका ओळीने ओळखली जाते आणि गाणं दुसऱ्याच. पुस्तकातून शोधणारा गाण्याच्या दारावरून तसाच पुढे निघून जातो.

शब्द होते, गायिकेचं नाव होतं, 'बालगीत' असं लिहिलेलं होतं. आवाज नव्हता. त्या ओळीने शोधूनही कुठे वाजणारं गाणं मिळालं नाही. शेवटी गायिकेचं नाव आणि 'जुनी बालगीते' असं टाकलं, तर तासाभराचा एक व्हिडिओ आला. एकच चित्र, मागे एकापाठोपाठ एक गाणी, कुठल्या गाण्याचं नाव दिलेलं नाही. खाली प्रतिक्रियांमध्ये मात्र कुण्या भल्या माणसाने कोणतं गाणं किती मिनिटांनी सुरू होतं त्याची यादी करून ठेवली होती. तो माणूस कोण, कुठला, मला माहीत नाही. पण माझ्या जातकुळीचा होता हे नक्की. मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

त्या मिनिटावर बोट ठेवलं. आधी बासरी, मग चाकांसारखी लय, आणि एका बाईचा स्वच्छ आवाज.

थांब जरासा, गाडीवाना,
मलाही यायचे आहे,
कुठवर जाते वाट तुझी ही
मला पाहायचे आहे.

मागून लेकरांचा कोरस उचलून धरत होता. बाई म्हणायलती, मागं लेकरं म्हणायलती. अक्कांनी उंबऱ्यातून सांगितलं होतं, अगदी तसंच.

अण्णा पूर्ण गाणं उभं राहून ऐकत होते. माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं थांबली होती, त्यांनाही त्यांनी हाताने गप्प केलं. आणि तीन कडव्यांनंतर गाणं संपलं नाही. चौथं कडवं आलं.

गाडी न थांबे, हासुनी बोले
वारा जाता जाता,
फिरुनी येइन तुझ्या अंगणी,
दार उघडे ठेव आता.

"हे तर पुस्तकात न्हाई!" अण्णा म्हणाले.

"पुस्तकात पानापुरती कविता घेतात, अण्णा. एखादं कडवं गळतं."

"म्हणजे आमाला कविता अपुरीच शिकवली व्हती," ते म्हणाले, आणि मग इतके खूश झाले की समोरच्या गिऱ्हाइकाला आपलं स्टूल आणून दिलं.

त्याच दुपारी आम्ही पाथरीला गेलो. माझ्या यादीत ते नव्हतं. मी दुकानाला कुलूप लावून गेले, हेही कधी घडत नाही.

अक्का गहू निवडत होत्या. अण्णांनी फोन त्यांच्या सुपाशेजारी जमिनीवर ठेवला आणि गाणं लावलं. अक्कांचा हात गव्हात तसाच राहिला. पहिली ओळ झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "आवाज वाढीव." एवढंच. मग त्या गाऊ लागल्या. गायिकेच्या मागून नाही, किंचित पुढे. प्रत्येक ओळ त्यांच्या तोंडून आधी निघायची आणि फोनमधून मग. चालीत कुठे आरती नव्हती. चौथ्या कडव्याआधी अण्णांचं बोट सवयीने वर गेलं, "पुढं?"

"गप. ऐक," अक्का म्हणाल्या, आणि चौथं कडवंही पुरं म्हटलं.

गाणं संपल्यावर अण्णा म्हणाले, "म्या खोटा, अक्का."

"मला कशाला सांगतूस? मला म्हाईतच हाय. त्यांला सांग." आणि त्यांनी कोपऱ्याकडे मान केली, जणू सगळे नातेवाईक तिथे रांगेत बसलेत. "लाव फोन. एकेकाला. मला ऐकू येईल असा लाव."

अण्णांनी फोन लावले. परभणीच्या चुलतभावाला, पूर्णेच्या मामेबहिणीला, भाच्यांना, सुनांना, त्या निरागस नव्या सुनेलाही. प्रत्येकाला एकच वाक्य, "अक्काचं गाणं खरं हाय, म्या खोटा," आणि मग पुरावा म्हणून ध्रुवपद. अक्का सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एखाद्याला वाक्य भरभर सांगून अण्णा मोकळे व्हायला लागले की त्या म्हणायच्या, "नीट ऐकू आलं न्हाई त्याला. पुन्हा सांग." चुलतभाऊ तिकडून म्हणाला, "अरे पण अक्काचं गाणं म्हणजे... आता आपण काय म्हणायचं मग?" तेव्हा अक्का पहिल्यांदा हसल्या.

उन्हं उतरल्यावर कोनाड्यातला पेढ्यांचा पुडा खाली आला. एव्हाना त्याला मुंग्या लागल्या होत्या. अक्कांनी मुंग्या झटकून एकेक पेढा आमच्या हातावर ठेवला. निघताना अण्णांना म्हणाल्या, "माझं ताट राहिलंय तुझ्याकडं, बारशाचं. सोमवारी येते जेवायला." आणि आल्या. अण्णांच्या दुकानासमोर स्टुलावर बसून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णांची चिमणी गाडीत कशी बसली ते सांगितलं. अण्णा बारदान्याच्या गठ्ठ्याआडून ओरडत होते, "चिमणीची बी कविता खरी हाय! ताई, ती बी काढा!"

ती मी काढली. दुसरीच्या पुस्तकात. तिचं गाणं मात्र कुणी केलेलं नव्हतं. अण्णांना त्याचं वाईट वाटलं नाही. "तिला गुरुजींची चाल हाय की," ते म्हणाले.

सगळ्यांना वाटायचं थोरली म्हणून आधी अक्का जाणार. पण गेल्या हिवाळ्यात अण्णाच गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. अक्का अजूनही पाथरीहून येतात, दार उघडं ठेवलेलं असतंच.

दुकान आता अण्णांची सून बघते. ती कविता म्हणत नाही, पण काम चोख करते. आमचं दोघींचं जमतं. परवा मी सुतळी आणायला गेले होते. एक शेतकरी घागरमाळेसाठी अडून बसला होता. माल अजून आला नाही, आज येईल, उद्या येईल, असं तो म्हणे किती दिवस ऐकत होता.

"येईल हो, मामा," ती वजनकाट्यावरून मान वर न करता म्हणाली. "अक्काचं गाणं हाय ते. उशिरा का होईना, येतंयच."

त्या माणसाला त्यातलं काही कळलं नाही. पण तिच्या आवाजातल्या खात्रीने त्याचं समाधान झालं असावं. त्याने इकडे तिकडे बघितलं, अण्णांचं स्टूल पुढे ओढलं, आणि डोक्याचं पागोटं मांडीवर घेऊन निवांत वाट बघत बसला.